खारफुटी आणि किनाऱ्याचे संरक्षण : उत्तराची मांडणी

स्पर्धा परीक्षांच्या पर्यावरण व भूगोल या घटकांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत फिरून येतो : ‘किनारपट्टीच्या संरक्षणातील खारफुटीच्या परिसंस्थेचे कार्य स्पष्ट करा व कोळंबीपालन आणि भराव यांमुळे तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या धोक्यांची चर्चा करा.’ बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘खारफुटी म्हणजे किनाऱ्याची नैसर्गिक भिंत’ या वाक्याने आरंभ होतो आणि पुढे फायद्या-तोट्यांची यादी येते. वस्तुतः भिंतीची ही उपमाच उत्तर बिघडवते. भिंत पाणी अडवते, खारफुटी पाणी आत घेते आणि त्याचा वेग मोडते. हा फरक आरंभीच स्पष्ट केला, की कोळंबीची तळी आणि भराव यांनी नेमके काय बिघडते हेही त्याच सूत्रातून मांडता येते.

प्रथम कार्याचा विचार. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी उभी श्वसनमुळे वर येतात. कांदळाची आधारमुळे कमानीसारखी खोडापासून खाली उतरतात. भरतीचे पाणी या दाटीतून जाताना घर्षणाने मंदावते. मंदावलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो, मुळे तो धरून ठेवतात आणि तळ हळूहळू उंचावतो. वाऱ्याने उठलेल्या लाटांची उंची खारफुटीच्या १०० मीटर पट्ट्यात १३ ते ६६ टक्क्यांनी घटल्याचे विविध ठिकाणच्या मोजमापांत आढळले आहे. ही तफावत मुळांची दाटी, झाडांची उंची व पाण्याची खोली यांवर अवलंबून असते.

येथे परीक्षार्थीने लाट आणि चक्रीवादळातील समुद्राची उधाणफुगी यांत भेद केला पाहिजे. लाट काही सेकंदांची असते. उधाणफुगीत समुद्राची पातळीच तासन्‌तास चढलेली राहते. या चढलेल्या पाण्याची पातळी खारफुटीच्या एका किलोमीटर रुंदीमागे साधारण ५ ते ५० सेंटिमीटरच उतरते. म्हणजे लाटांसाठी शंभर मीटरचा पट्टा उपयोगी पडतो; उधाणफुगीसाठी मात्र कित्येक किलोमीटरचे जंगल लागते. संरक्षण किती मिळेल हे झाडांच्या संख्येपेक्षा पट्ट्याच्या रुंदीवर ठरते, हे वाक्य उत्तरात असलेच पाहिजे.

उदाहरण म्हणून ओडिशातील केंद्रापाडा जिल्हा सर्वांत उपयुक्त. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले आणि राज्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट यांनी या जिल्ह्यातील चारशेहून अधिक गावांची माहिती तपासून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी, असे त्यांना आढळले. गावाचे समुद्रापासूनचे अंतर, जमिनीची उंची, लोकांची आर्थिक स्थिती यांचा परिणाम वेगळा काढूनही हा संबंध टिकला. मात्र त्याच अभ्यासानुसार वेळेवर दिलेल्या सरकारी पूर्वसूचनेने वाचवलेले जीव खारफुटीने वाचवलेल्यांपेक्षा अधिक होते. हा दुसरा निष्कर्ष विद्यार्थी हमखास गाळतात; वास्तविक तोच उत्तराला वजन देतो. २००४ च्या त्सुनामीनंतर खारफुटीने गावे वाचवल्याचे दावे झाले, तेव्हा पुनर्तपासणीत त्यांतील बराचसा परिणाम गावांच्या अंतराचा व उंचीचा असल्याचे दाखवले गेले होते. त्सुनामीचे उदाहरण घ्यायचेच असेल, तर या मर्यादेसह घ्यावे.

आता धोक्यांकडे. कोळंबीपालनासाठी खारे पाणी आत घेता येईल व बाहेर सोडता येईल अशी सपाट, खाडीकाठची जमीन लागते. त्यामुळे दृष्टी प्रथम खारफुटीकडे वळते. झाडे तोडून, भोवती बांध घालून सुमारे एक ते दीड मीटर खोलीचे तळे तयार होते. परंतु खारफुटीचा चिखल तळ्यासाठी फारसा योग्य नसतो, आणि याचे कारण रासायनिक आहे. प्राणवायूविरहित चिखलात लोह आणि गंधक यांचे पायराइट साचलेले असते. पाण्याखाली असेपर्यंत ते निरुपद्रवी राहते. खोदकामाने उघडे पडून त्याला हवा लागली, की त्यापासून गंधकाम्ल तयार होते. तळे वाळवल्यावर बांधावर गंजासारखे तांबूस-पिवळे डाग दिसणे, ही त्याची खूण होय. पहिल्या पावसात हे आम्ल तळ्यात उतरते व कोळंबी मरते. चुना टाकून काही हंगाम निभावले जातात; त्यात दाट साठवणुकीमुळे रोग शिरतो. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील वाघ-कोळंबीची तळीच्या तळी रिकामी झाली.

तळे सोडून दिल्यानंतरचे नुकसान अधिक दीर्घकाळ टिकते. बांध तसाच राहतो. त्यामुळे भरती आत येत नाही आणि भरतीबरोबर वाहत येणारी खारफुटीची रुजलेली बीजेही येत नाहीत. आतली जमीन उन्हाळ्यात मिठाने पांढरी पडते. अशा ठिकाणी रोपे लावण्याचे कार्यक्रम वारंवार फसतात, कारण तेथे उणीव पाण्याच्या ये-जा करण्याची असते. बांध योग्य जागी फोडून जुनी ओहळ-वाट मोकळी केल्यास आणि आसपास बीज देणारी झाडे शिल्लक असल्यास खारफुटी पुष्कळदा आपोआप परतते.

भरावाचा मार्ग वेगळा असला, तरी आघात त्याच जागी होतो. क्वचितच कोणी एका रात्रीत जंगल तोडतो. बहुधा आधी रस्ता किंवा वाट येते व तिच्याखाली एखादा अरुंद नळ टाकला जातो. नळाच्या आतल्या बाजूला ओहोटीलाही पाणी उतरत नाही. श्वसनमुळे सतत बुडून राहतात आणि तिवर उभ्या उभ्या सुकतो. मग बांधकामाचा राडारोडा पडू लागतो आणि काही वर्षांनी ती जागा ‘पडीक’ म्हणून समोर येते. उभी वाळलेली झाडे आणि भरती-ओहोटीत पातळी न बदलणारे शेवाळलेले पाणी एकत्र दिसले, तर कुऱ्हाडीच्या खुणा शोधण्यापूर्वी नळाचे तोंड शोधावे. भरावाने पुराचे पाणी पसरण्याची जागाही जाते. मुंबईत मिठी नदीच्या मुखाजवळची खारफुटी व दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीच्या वेळी नदीला पसरायला जागा उरली नव्हती. एवढ्या पावसात पूर टळला असता असे म्हणता येणार नाही. तथापि पाणी साठण्याची जागा घटली होती, हे नाकारता येत नाही.

कायद्याचा परिच्छेद छोटाच असावा. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी एस. जगन्नाथ खटल्यात पारंपरिक पद्धती वगळता किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबी तळ्यांना मनाई केली आणि शेतजमीन, मिठागरे व खारफुटी यांचे तळ्यांत रूपांतर करू नये असे सांगितले. २००५ च्या तटीय जलसंवर्धन प्राधिकरण कायद्याने नोंदणीकृत तळ्यांना पुन्हा वाट मोकळी करून दिली. सध्याच्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार खारफुटी सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडते आणि १,००० चौरस मीटरहून मोठ्या क्षेत्राभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा ठेवावा लागतो; खासगी जमिनीवरील खारफुटीला मात्र या पट्ट्यातून सूट आहे. उत्तरात ही सूट नोंदवणे आवश्यक आहे.

गोव्यातील परीक्षार्थीला स्थानिक उदाहरण दूर शोधावे लागत नाही. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात राज्याची खारफुटी २७ चौरस किलोमीटर दाखवली आहे. ती मुख्यतः मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांच्या काठांवरील अरुंद पट्ट्यांत आहे. चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य हा त्यातील सर्वपरिचित भाग. वर मांडलेल्या रुंदीच्या कसोटीवर पाहता हे पट्टे चक्रीवादळाची उधाणफुगी थोपवतील, असे लिहिणे चुकीचे ठरेल. त्यांचे खरे काम खाजन जमिनींचे बांध राखण्याचे आहे. भरतीचा प्रवाह आणि बार्जमुळे उठणाऱ्या लाटा मातीच्या बांधावर आदळण्यापूर्वी बाहेरच्या खारफुटीत मोडतात.

खाजन हाही एके काळी खारफुटीच्या दलदलीतूनच मिळवलेला भूभाग आहे, हा आक्षेप परीक्षक घेऊ शकतो आणि तो रास्त आहे. फरक मानशीत आहे. बांधातील या जलद्वाराची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पाण्याची ये-जा थांबत नाही, तिच्यावर नियंत्रण राहते. आत कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पिकते आणि मानशीपाशी मासळी मिळते. मासळी वा कोळंबीच्या हव्यासाने मानस भरतीत उघडी ठेवली किंवा बांधाला भगदाड पाडले, की खारे पाणी शेतात राहते. दोन-तीन हंगामांत भात सुटते, शेत पडीक होते आणि तेच तळ्यासाठी मागितले जाते.

अशा पडीक खाजनात खारफुटी आपसूक उगवते. उपग्रहाच्या चित्रात हिरवे क्षेत्र वाढलेले दिसते, प्रत्यक्षात ती वाढ बांध फुटल्याची खूण असते. शेतकऱ्याने बांध दुरुस्त करून ती काढायची म्हटले, तर कायद्याने ते झाड आता संरक्षित असते. त्यामुळे गोव्यासंबंधी आकडा देताना ही खारफुटी बांधाच्या कोणत्या बाजूला उभी आहे, हे परीक्षार्थीने एका वाक्यात सांगावे : बाहेरची असेल तर ती बांध राखते, आतली असेल तर बांध आधीच गेलेला असतो.