गर्भनिरोधक गोळी चुकली तर काय करावे? आणि कोणत्या औषधांमुळे तिचा परिणाम कमी होतो?

गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्त्रीची कधी ना कधी एखादी गोळी चुकते. अशा वेळी अनेकजणी घाबरून पाकीटच बंद करतात, तर काहीजणी काही झालेच नाही असे समजून पुढे चालू ठेवतात. योग्य काय, हे दोन गोष्टींवर ठरते: किती गोळ्या चुकल्या आणि पाकिटातल्या कोणत्या आठवड्यातल्या चुकल्या.

हा लेख इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे, अशी दोन संप्रेरके एकत्र असलेल्या गोळ्यांविषयी आहे. आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी माला-एन आणि दुकानात मिळणारी माला-डी या याच प्रकारच्या गोळ्या. छाया ही गोळी वेगळी आहे आणि स्तनदा मातांना देतात ती एकाच संप्रेरकाची गोळीही वेगळी आहे. खालचे नियम त्यांना लावू नका.

पाकीट समजून घ्या

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. पहिल्या 21 संप्रेरकांच्या आणि शेवटच्या 7 तपकिरी गोळ्या लोहाच्या. गर्भ राहू न देण्याचे काम फक्त 21 गोळ्या करतात. लोहाच्या गोळ्या रोजची सवय मोडू नये म्हणून असतात, त्या आठवड्यात पाळी येते.

संप्रेरकांच्या गोळ्या रोज घेतल्या की अंडाशय शांत राहते आणि बीजांड बाहेर पडत नाही. त्याला असे पुरते शांत करायला सलग 7 गोळ्या लागतात. लोहाच्या 7 दिवसांत ते हळूहळू जागे होऊ लागते, पण बीजांड बाहेर पडण्याच्या आत नवे पाकीट सुरू होते. म्हणजे संप्रेरकांशिवाय 7 दिवस चालतात, त्याहून जास्त चालत नाहीत. म्हणूनच पाकिटाच्या सुरुवातीच्या आणि 21पैकी शेवटच्या गोळ्या चुकणे सर्वांत धोक्याचे. दोन्ही वेळा ही सुट्टी लांबते.

एक गोळी चुकली तर

आठवण होताच चुकलेली गोळी घ्या. त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, मग एकाच दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी चालतील. थोडी मळमळ होऊ शकते. बाकी गोळ्या नियमित घेतल्या असतील तर निरोध वापरण्याची गरज नाही.

लागोपाठ दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या तर

सर्वांत शेवटी चुकलेली एक गोळी लगेच घ्या. त्याआधीच्या चुकलेल्या गोळ्या घेऊ नका, टाकून द्या. पुढच्या गोळ्या रोज नेहमीच्या वेळी घ्या. संप्रेरकांच्या सलग 7 दिवसांच्या गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरा किंवा संबंध टाळा. याशिवाय आठवडा पाहा:

- पहिला आठवडा: गेल्या 5 दिवसांत निरोधाशिवाय संबंध आला असेल, तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीसाठी लगेच डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा.
- दुसरा आठवडा: आधीच्या 7 गोळ्या नीट घेतल्या असतील तर 7 दिवस निरोध एवढे पुरते.
- तिसरा आठवडा: संप्रेरकांच्या उरलेल्या गोळ्या संपवा, लोहाच्या गोळ्या घेऊ नका आणि दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करा. त्या महिन्यात पाळी आली नाही किंवा थोडे डाग दिसले तर ते अपेक्षितच आहे.

लोहाची गोळी चुकली तर ती टाकून द्या. नवे पाकीट मात्र ठरल्या दिवशीच सुरू करा.

गोळी घेतल्यावर 2 तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्या. जोराच्या उलट्या-जुलाब एक दिवसाहून जास्त चालले तर गोळ्या चालू ठेवा, पण ते दिवस गोळी चुकल्याचे धरून वरचे नियम पाळा.

एक उदाहरण

समजा, तुम्ही रात्री 9 वाजता गोळी घेता. लोहाची शेवटची गोळी रविवारी संपली. सोमवारी नवे पाकीट सुरू करायचे होते, पण तुम्ही लग्नासाठी गावी होता आणि पाकीट घरी राहिले. गुरुवारी सकाळी तुम्ही परतलात. सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन गोळ्या चुकल्या.

गुरुवारी सकाळी बुधवारची गोळी घ्या आणि रात्री 9 वाजता गुरुवारची. सोमवार-मंगळवारच्या टाकून द्या. पुढच्या बुधवारी रात्री 7 दिवस पूर्ण होतील, तोपर्यंत निरोध वापरा. मंगळवारी रात्री संबंध आला असेल तर तातडीची गोळी गुरुवारीच घ्या. लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची ही एकच गोळी असते आणि ती 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती घेतली तरी रोजची गोळी थांबवू नका. लोहाच्या आठवड्यात पाळी आली नाही, तर लघवीची गर्भतपासणी करून घ्या.

कोणती औषधे परिणाम कमी करतात?

काही औषधे यकृताला संप्रेरके फार वेगाने नष्ट करायला लावतात. मग एकही गोळी न चुकवता गर्भ राहू शकतो.

यांत पहिले नाव रिफाम्पिसिनचे, म्हणजे क्षयरोगाच्या उपचारातले लघवी नारिंगी करणारे औषध. नेहमीच्या क्षयरोगात ते पूर्ण 6 महिने असते. घरातल्या क्षयरुग्णामुळे इतरांना आठवड्यातून एकदा प्रतिबंधक गोळ्या देतात, त्यांतले रिफापेन्टिनही असेच काम करते. ही औषधे बंद झाल्यावरही परिणाम सुमारे 4 आठवडे टिकतो. फिट्सच्या औषधांपैकी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन, तसेच एचआयव्हीची काही औषधे यांचाही असाच परिणाम होतो.

अशा वेळी मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नका. औषध चालू असेपर्यंत आणि नंतरचे 4 आठवडे तांबी किंवा अंतरा इंजेक्शन हे चांगले पर्याय आहेत, कारण या औषधांनी त्यांचा परिणाम घटत नाही. निर्णय होईपर्यंत निरोध वापरा. तातडीची गोळीही या औषधांपुढे कमी पडते; संबंधानंतर 5 दिवसांच्या आत तांबी बसवणे जास्त खात्रीचे. पाकीट चालू असताना मध्येच डाग दिसू लागले तर संप्रेरके कमी पडत असतील. पण डाग दिसले नाहीत म्हणजे सुरक्षित, असे समजू नका. क्षयरोगाचे किंवा फिट्सचे औषध मात्र गर्भनिरोधनासाठी कधीही बंद करू नका.

फिट्ससाठी लॅमोट्रिजिन चालू असेल तर उलट घडते. गर्भनिरोधक गोळीमुळे लॅमोट्रिजिनचे रक्तातले प्रमाण घटते आणि फिट येऊ शकते. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी फिट्सच्या डॉक्टरांना सांगा.

घसा, दात किंवा लघवीच्या संसर्गासाठी दिलेली अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविके गोळीचा परिणाम कमी करत नाहीत. त्यांनी उलट्या-जुलाब झाले तरच वरचा नियम लागू होतो. त्यामुळे ती चालू असताना गर्भनिरोधक गोळी थांबवू नका.

कोणतेही नवे औषध लिहून घेताना गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखवा. पुष्कळजणी तिला औषध मानत नाहीत आणि विचारले तरी सांगायचे राहून जाते.