रंगाचा कौल : अमली पदार्थांची प्राथमिक चाचणी काय सांगते, काय सांगू शकत नाही

किनारी भागातील छाप्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असते: 'जप्त केलेल्या गोळ्यांच्या प्राथमिक चाचणीत एमडीएमए आढळले.' ही प्राथमिक चाचणी म्हणजे प्रयोगशाळेतील तपासणी नव्हे. हातात मावेल एवढ्या डबीतील एका कुपीतला द्रवाचा थेंब गोळीच्या चिमूटभर चुऱ्यावर पडतो, रंग उमटतो आणि त्या रंगावरून अंदाज बांधला जातो. पथकाजवळचा संच असो किंवा युरोपात नाचगाण्याच्या महोत्सवांना जाणारे तरुण सोबत ठेवतात तो संच असो, दोन्हींमागचे तत्त्व एकच. त्यातील द्रवाला अभिकर्मक किंवा सरळ 'रिएजंट' म्हणतात.

यांपैकी सर्वाधिक वापरला जाणारा अभिकर्मक मार्क्विस या नावाने ओळखला जातो. एदुआर्ड मार्क्विस या औषधशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये त्याचे वर्णन केले. आजच्या एस्टोनियातील तार्तू शहर त्या काळी दोर्पात म्हणून ओळखले जाई. तेथील विद्यापीठात तो काम करीत होता. अफूतील मॉर्फिनसारखी द्रव्ये ओळखणे हा त्याचा मूळ हेतू. तीव्र गंधकाम्लात थोडे फॉर्माल्डिहाइडचे द्रावण मिसळले की मार्क्विस तयार होतो. सव्वाशे वर्षांत या कृतीत फारसा फरक पडलेला नाही.

चाचणीची रीत सोपी आहे. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीवर टाचणीच्या डोक्याएवढा चुरा घ्यायचा, त्यावर एक-दोन थेंब सोडायचे आणि पहिल्या अर्ध्या ते एका मिनिटात उमटणारा रंग पाहायचा. पहिले मिनिट महत्त्वाचे, कारण तीव्र गंधकाम्ल साखरेसारख्या भरीच्या पदार्थालाही हळूहळू करपवते. पाच मिनिटांनी दिसणारा काळपट तपकिरी डाग अमली पदार्थाचा नसून साखरेचा असू शकतो. हे आम्ल कातडी आणि कापड दोन्ही जाळते, म्हणून चाचणी झालेला चुरा पुन्हा कशाच्याही उपयोगाचा राहत नाही. द्रव ताजा असताना जवळजवळ रंगहीन असतो. तो उष्णतेत किंवा उन्हात राहिला की पिवळा, मग तपकिरी पडतो, आणि तेव्हा उमटणारा रंग पदार्थाचा की द्रवाचा, हे सांगता येत नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या कप्प्यात पडून राहिलेल्या कुपीवर कोणी भरवसा ठेवू नये.

रंग का उमटतो, हे समजले की चाचणीची मर्यादाही उलगडते. तीव्र आम्लात फॉर्माल्डिहाइडचा रेणू फार उतावीळ होतो आणि समोरच्या पदार्थातील बेंझिनसारख्या कड्याला जाऊन चिकटतो. त्याच्या मध्यस्थीने अशी दोन कडी जोडली जातात, आम्ल त्या जोडीचे ऑक्सिडीकरण करते आणि प्रकाश शोषणारा रंगीत रेणू तयार होतो. कड्यावर कोणते अणू कुठे बसले आहेत, यावर रंग ठरतो. म्हणजे अभिकर्मक पूर्ण रेणू वाचत नाही, त्याच्या एका कोपऱ्याला स्पर्श करतो. तो कोपरा ज्यांच्यात सारखा, त्या सर्वांचा रंगही सारखा. एमडीएमए आणि त्याचे जवळचे भावंड एमडीए दोन्ही जांभळट काळे होतात. अँफेटामिन आणि मेथअँफेटामिन नारिंगी होऊन तपकिरीकडे झुकतात. हेरॉइन आणि मॉर्फिन जांभळे होतात. केटामिन आणि कोकेनवर मात्र मार्क्विस काहीच बोलत नाही.

या काहीच न बोलण्याला किती किंमत असू शकते, हे 'सुपरमॅन' गोळ्यांच्या प्रकरणाने दाखवून दिले. डिसेंबर २०१४ मध्ये नेदरलँड्समधील शासकीय तपासणी यंत्रणेकडे सुपरमॅनचे चिन्ह असलेली गुलाबी गोळी आली. ही यंत्रणा १९९० च्या दशकापासून चालू आहे. तेथे नागरिक गोळी नेऊन देतो आणि त्याच्यावर गुन्हा न नोंदवता तिच्यात काय आहे ते त्याला सांगितले जाते. ती गोळी एक्स्टसी, म्हणजे एमडीएमए, म्हणून विकली जात होती. प्रयोगशाळेत तिच्यात सुमारे १७० मिलिग्रॅम पीएमएमए निघाले. या द्रव्याचा अंमल उशिरा चढतो, त्यामुळे 'गोळी कमजोर आहे' असे समजून माणूस दुसरी घेतो आणि शरीराचे तापमान आवरेनासे होते. डच यंत्रणेने देशभर इशारा दिला आणि तेथे या गोळीने बळी गेल्याची नोंद झाली नाही. इंग्लंडमध्ये मात्र नववर्षाच्या सुमारास अशाच गोळ्यांनी चार जणांचा मृत्यू झाला.

या गोळीवर मार्क्विसचा थेंब पडला असता तर काळा रंग उमटलाच नसता, कारण पीएमएमए त्याला ठळक प्रतिसाद देत नाही. एमडीएमए म्हणून घेतलेली गोळी काळी झाली नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे: ती सांगितलेली वस्तू नव्हे. अभिकर्मकाचे सर्वांत विश्वासार्ह उत्तर हे असे नकाराचे असते, अर्थात कुपी ताजी असेल तर.

आता तीच गोळी थोडी बदलून पाहू. बनवणाऱ्याने तिच्यात ६० मिलिग्रॅम एमडीएमए आणि ६० मिलिग्रॅम पीएमएमए घातले, असे धरू. थेंब पडताच चुरा काही क्षणांत काळा होईल. तो काळेपणा एमडीएमएचा आहे, आणि त्याच्या आड पीएमएमए निवांत लपलेले आहे, कारण काळ्यावर दुसरा कोणताही रंग दिसत नाही. संचातील दुसरी कुपी, सायमन नावाची, येथे मदतीला येईल असे वाटते. नायट्रोप्रुसाइड, अॅसिटाल्डिहाइड आणि धुण्याचा सोडा यांवर आधारलेली ही चाचणी रेणूतील नायट्रोजनच्या टोकाकडे पाहते. एमडीएमएवर ती निळी होते आणि एमडीएवर होत नाही, म्हणून या दोघांना वेगळे करण्यास ती उपयोगी आहे. परंतु पीएमएमएचे नायट्रोजनचे टोक एमडीएमएसारखेच असल्याने तेही निळेच होते. दोन्ही कुप्यांनी 'एमडीएमए' असा कौल दिला आणि दोन्ही आपापल्या परीने खरे बोलल्या, तरीही गोळी घातकच राहिली. संचात कुप्या वाढवल्याने शंका कमी होतात, संपत नाहीत.

प्रमाणाचा प्रश्न याहून सरळ आहे आणि लोक नेमका तोच विसरतात. ५० मिलिग्रॅम असो वा २५०, रंग काळाच. डच यंत्रणेच्या नोंदींत २००० च्या आसपास एका गोळीत सर्वसाधारणपणे ७०-८० मिलिग्रॅम एमडीएमए असे. गेल्या दशकात सरासरी दीडशेच्या पुढे गेली. म्हणजे गोळी अस्सल असली, तरी तिच्यात दुप्पट मात्रा असू शकते. शिवाय घरगुती यंत्रावर दाबलेल्या गोळीत द्रव्य सारखे पसरलेले नसते. कडेचा चुरा एक सांगेल आणि मधला दुसरे. भुकटीत हा धोका अधिक. दोन मिलिग्रॅम फेंटानिलही सवय नसलेल्या माणसाला मारू शकते. जांभळ्या होणाऱ्या हेरॉइनमध्ये ते मिसळले असेल, तर मार्क्विसवर त्याचा फिकट नारिंगी रंग कोणाच्या नजरेस पडणार? त्यासाठी कागदी पट्टीची वेगळी चाचणी असते. पण ती फक्त फेंटानिल आणि त्याची काही भावंडे ओळखते. अलीकडे पसरलेली नायटाझीन गटातील द्रव्ये तिलाही चुकवतात.

आतापर्यंत न दिसणाऱ्या विषाबद्दल झाले. उलट बाजूला, नसलेला गुन्हा दिसण्याचीही शक्यता असते. कोकेनसाठी कोबाल्ट थायोसायनेट वापरतात. कोकेन असेल तर तो निळा होतो. पण डायफेनहायड्रामिन या ॲलर्जीच्या औषधानेही तो निळा होतो. म्हणून स्कॉटच्या सुधारित चाचणीत आणखी दोन पायऱ्या आहेत: हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर निळा जाऊन गुलाबी यायला हवा आणि क्लोरोफॉर्म घातल्यावर खालचा थर पुन्हा निळा व्हायला हवा. रस्त्यावर, सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली, घाईत पहिल्या निळ्यावरच थांबण्याचा मोह होतो. अमेरिकेच्या टेक्सासमधील हॅरिस परगण्यात अशा क्षेत्रीय चाचणीच्या आधारे पकडलेल्या अनेकांनी सौदा म्हणून गुन्हा कबूल केला, आणि नंतर प्रयोगशाळेला त्या वस्तूत अमली पदार्थ सापडला नाही. फ्लोरिडातील ऑर्लँडोत २०१५ मध्ये एका चालकाच्या गाडीत सांडलेले डोनटवरील साखरेचे कण मेथअँफेटामिन ठरले. त्याला तुरुंगात जावे लागले, प्रयोगशाळेने काही आठवड्यांनी त्याला निर्दोष ठरवले आणि शहराने पुढे ३७,५०० डॉलर भरपाई दिली.

म्हणूनच रंगाचा कौल हा संशय आहे, पुरावा नव्हे. खात्री वायुवर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपट या जोडयंत्रावर होते, ज्याला प्रयोगशाळेत 'जीसी-एमएस' म्हणतात. आधी मिश्रणातील घटक एकापाठोपाठ एक वेगळे होतात, मग प्रत्येक रेणू फोडून त्याच्या तुकड्यांची वजने नोंदवली जातात. त्या नोंदी ज्ञात नमुन्याशी जुळवल्या की मिश्रणातील एमडीएमए आणि पीएमएमए दोन वेगळे टोक म्हणून दिसतात. प्रमाणित नमुना सोबत चालवला असेल, तर किती मिलिग्रॅम हेही कळते.

भारतात या फरकाला कायद्याचे आणखी एक परिमाण आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली एमडीएमएचे अर्धा ग्रॅमपर्यंतचे प्रमाण 'अल्प' आणि १० ग्रॅमहून अधिक 'व्यावसायिक' धरले जाते; व्यावसायिक प्रमाणात जामिनाच्या अटी अत्यंत कडक होतात. २०२० मधील हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मोजताना शुद्ध द्रव्याचे नव्हे, भरीसकट सबंध मिश्रणाचे वजन धरावे. प्रत्येकी ३०० मिलिग्रॅमच्या ३४ गोळ्या म्हणजे १०.२ ग्रॅम, त्यांतील एमडीएमए एकूण दोन ग्रॅम असो वा सहा, प्रकरण व्यावसायिक. पण त्या गोळ्यांत अमली द्रव्य मुळात आहे का आणि असेल तर कोणते, हे प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय सिद्ध होत नाही. व्यावसायिक प्रमाणाच्या प्रकरणांत आरोपपत्रासाठी कायद्याने १८० दिवस दिले आहेत. अहवाल येईपर्यंत संशयिताच्या बाजूने किंवा विरोधात उभा असतो तो बशीवरचा एक डागच.