हेमलाइन : मिनी ते मॅक्सी
हेमलाइन म्हणजे पोशाखाची खालची कड पायावर जिथे थांबते ती रेषा. 1960 च्या दशकात लंडनमध्ये मेरी क्वांटने लोकप्रिय केलेला मिनी ड्रेस मांडीवरच संपे. पाय लांब दिसत, चाल मोकळी होई, पोशाख खेळकर वाटे. ए-लाइन ड्रेस पोटरीच्या मध्यावर थांबवला, की नजर पोटरीच्या सर्वांत जाड भागावर अडते. म्हणून मिडी बेतणे सर्वांत अवघड. कड थोडी वर, गुडघ्याखालच्या निमुळत्या जागी घेतली की तोल सावरतो. घोट्यापर्यंतच्या मॅक्सीत कापड स्वतःच्या वजनाने सरळ लोंबते आणि पोशाख गंभीर होतो. मात्र बाजूची तिरकी शिवण त्याच उताराने खाली नेली नाही, तर घेर अपुरा पडून पाऊल अडते. मग बाजूला चीर ठेवावीच लागते.