किलोला पाव किलो तेल

दिवाळी आठवड्यावर आली की वाण्याच्या दुकानात पातळ पोह्यांची पोती उघडतात आणि घरोघर एकच हिशेब सुरू होतो. किलोभर पोह्यांना पाव किलो शेंगदाणे, त्याहून थोडं कमी डाळं, शंभर ग्रॅम सुकं खोबरं आणि पाव किलो तेल. हा हिशेब इतका अंगवळणी पडलाय की तो पणजीच्या काळापासून असाच चालत आला असणार, असं वाटतं. पण त्यातल्या प्रत्येक जिन्नसाचं वय वेगळं आहे. पोहे फार जुने. मिरची आणि शेंगदाणा साता समुद्रापलीकडचे. ‘किलो’ हे माप तर स्वातंत्र्यानंतरचं. आणि या सगळ्यात सर्वांत जास्त बदलत आलं ते तेल. चिवड्याची कुळकथा सांगायची तर त्याच्या तेलाचा माग काढत जावं.

सुरुवात अर्थातच पोह्यांपासून. भागवतातल्या सुदाम्याच्या पुरचुंडीत पोहेच होते. दिवाळीशी पोह्यांचं नातं मात्र शेतातून आलंय. कोकणात आणि गोव्यात हळवं भात आश्विनात कापणीला येतं. ते भिजवायचं, भाजायचं आणि गरम असतानाच उखळात कांडायचं, की नव्या भाताचे पोहे तयार. म्हणून तिकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून, अभ्यंगस्नान आटोपून मंडळी पोह्यांना बसतात. दुधातले, दह्यातले, गूळ-खोबऱ्याचे, फोडणीचे असे त्यांचे प्रकार होतात. गोव्यात यांनाच फोव म्हणतात. यातला एकही प्रकार दुसऱ्या दिवशी टिकत नाही, कारण सगळे ओले. फराळाला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पंधरा दिवस डब्यात राहील असा पोहा हवा, तर त्यातलं पाणी काढून टाकावं लागतं. चिवडा म्हणजे मुळात हेच काम, आणि ते करायच्या दोन वाटा आहेत: तळणं आणि भाजणं.

उखळात कांडलेला पोहा जाड असतो, कोंडा थोडा चिकटलेला असतो, जाडी सारखी नसते. तो कोरडा भाजला तर बाहेरून करपतो आणि आत चिवट राहतो. उकळत्या तेलात टाकला तर मात्र क्षणात फुलतो आणि हलका होतो. म्हणून जाड पोह्यांचा चिवडा तळायचाच. जाडे किंवा दगडी पोहे चाळणीत घेऊन, चाळणीसकट कडकडीत तेलात बुडवायचे, फुलले की लगेच उचलायचे. नाशिकच्या प्रसिद्ध चिवड्याची तऱ्हा या तळणीच्या घराण्यातली. त्यात तळलेला कांदा येतो, लसूण येतो, मसाला तिखट असतो, आणि वर पुन्हा कच्चा कांदा चिरून, लिंबू पिळून खायची पद्धत.

या वाटेनं गेलं की किलोभर पोहे साधारण तीनशे ते चारशे ग्रॅम तेल पितात. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर आकडा आणखी वर जातो, कारण पोहा फुलायच्या आतच तेल ओढू लागतो. शिवाय ‘पितात’ म्हणजे पोटात गेलेलं तेल. कढईत लागणारं त्याहून कितीतरी जास्त. पूर्वीच्या देशावरच्या घरात घाण्याचं करडईचं किंवा तिळाचं तेल मोजूनमापून वापरलं जाई. तिथे भरल्या कढईचं तळण हे सणाचंच काम होतं. त्यामुळे चिवडा सणाचा झाला त्यात चवीइतकाच कढईभर तेलाचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

तेल स्वस्त आणि मुबलक व्हायला शेंगदाणा कारणीभूत ठरला. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मिरचीसारखाच तोही पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजला, पण दोघांचा वेग वेगळा. मिरची परसात उगवते, म्हणून ती भराभर पसरली आणि मिऱ्याची जागा घेऊन बसली. भुईमुगाला मोठं शेत आणि बाजार लागतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या मार्सेयच्या साबण आणि तेल गिरण्यांकडून मागणी वाढली, तशी हिंदुस्थानात त्याची लागवड फोफावली. त्यामुळे चिवड्याच्या बाबतीत एकच पीक दोन कामं करू लागलं: दाणा म्हणून चिवड्यात पडायचं आणि तेल म्हणून कढईत. पुढे १९३७ साली डालडा आला आणि तळणीला आणखी एक पर्याय मिळाला.

मग भाजण्याची वाट कधी मोकळी झाली? पोहे गिरणीत होऊ लागले तेव्हा. पेणसारख्या गावांत हा धंदा मोठा झाला. गिरणीत भाजलेला दाणा दाबून हवा तितका पातळ करता येतो आणि सगळे पोहे एकसारखे निघतात. पातळ पोह्यात पाणी कमी आणि ते निघायला वाट जवळची, त्यामुळे नुसत्या उन्हानं आणि मंद आचेनं तो कुरकुरीत होतो. आता तेल पोहा फुलवायला लागत नाही. ते फक्त दाणे तळायला, हळद-हिंगाची चव सगळीकडे पोचवायला आणि प्रत्येक पोह्यावर पातळ लेप द्यायला लागतं. तीनशे-चारशे ग्रॅमचा आकडा इथे पाव किलोवर, कसलेल्या हातात दोनशेवर येतो.

हा बदल घरांनी उचलला त्याला तेलाचे भावही कारण असणार. १९७२च्या दुष्काळाच्या आसपास तेल, साखर, रॉकेल यांसाठी मुंबईत बायकांनी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणे मोर्चे काढले होते. दिवाळीला रेशनवर जादा साखर आणि पामतेल कधी मिळतं याची वाट पाहणाऱ्या घराला कमी तेलात होणारा चिवडा सोयीचाच होता.

आणखी एक गोष्ट त्याआधीच बदलली होती. १९५८ ते १९६२ या काळात शेर-मण जाऊन किलो आला. त्याआधी पोहे बहुतेक पायलीनं, मापट्यानं, म्हणजे आकारमानानं मोजत. जाड पोह्यांचं एक मापटं भरतं त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं पातळ पोह्यांचं मापटं भरतं. त्यामुळे मापाच्या हिशेबात पोह्यांची जात बदलली की तेल-मिठाचं गणित चुके. आजही ‘चार वाट्या पोह्यांना’ असं लिहिलेली कृती नायलॉन पोह्यांना लावली की चिवडा खारट आणि तेलकट होतो. वजनावर बांधलेलं प्रमाण इथे खरोखर उपयोगी पडतं, फक्त पोहे कुठले ते आधी सांगावं लागतं.

तर आता एक किलो पातळ पोहे घेऊ. शेंगदाणे २५० ग्रॅम, पंढरपुरी डाळं २००, सुक्या खोबऱ्याचे काप १००, तेल २२५ ते २५०. हिरव्या मिरच्या पंधरा-वीस, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. कढीपत्ता दोन मुठी. मोहरी आणि जिरं दोन-दोन चहाचे चमचे, तीळ दोन मोठे चमचे, हळद दोन चहाचे चमचे, हिंग एक. मीठ ३० ते ३५ ग्रॅम, पिठीसाखर ६० ते ७०. सगळं मिळून चिवडा भरतो एक किलो नऊशेच्या आसपास. मिठाचं प्रमाण एकूण वजनाच्या पावणेदोन टक्क्यांच्या जवळ येतं, आणि ते एकूण वजनावरच धरायचं असतं. डाळं आणि दाणे अळणी असतात. नुसत्या पोह्यांवर मीठ बेतलं तर हे दोन्ही दाताखाली आल्यावर चिवडा फिका लागतो.

पोहे चाळून कडक उन्हात दोन-तीन तास घालायचे. मग मोठ्या कढईत, एका वेळी पाव किलोहून जास्त न घेता, मंद आचेवर हलक्या हातानं परतायचे. घाईनं आच वाढवली की पोहे आकसतात, कडा वळतात आणि मग ते कितीही भाजले तरी चिवट लागतात. झालेला पोहा बोटांत धरून दाबला तर त्याचा चुरा होतो. नुसता वाकला तर अजून पाणी आहे. तराजू असेल तर आणखी सोपं: किलोचे पोहे भाजून झाल्यावर सुमारे पन्नास-साठ ग्रॅमनी हलके व्हायला हवेत.

त्याच पाव किलो तेलात आधी दाणे तळायचे. तडतड थांबली आणि रंग जरा बदलला की काढायचे, कारण बाहेर काढल्यावरही ते आतून शिजत राहतात. मग खोबरं, तेही नुसता गुलाबी रंग येईपर्यंतच; ते लालसर होईस्तोवर ठेवलं तर थंड झाल्यावर कडवट होतं. उरलेल्या तेलात मोहरी, जिरं, मग मिरच्या. चिवड्याचं नशीब ठरतं ते मिरच्यांवर. किलोच्या चिवड्यात पाणी शिरायची सर्वांत मोठी वाट म्हणजे या ५०-६० ग्रॅम मिरच्या. त्या पांढुरक्या पडून खडखडीत होईपर्यंत थांबलं नाही, तर डब्यात त्यांचं पाणी पोह्यांत उतरतं आणि चौथ्या दिवशी चिवडा सादळतो. कढीपत्त्याचंही तसंच. मग तीळ, डाळं अगदी थोडा वेळ, आणि गॅस बंद केल्यावर हिंग-हळद, म्हणजे हळद जळत नाही. या फोडणीतच मीठ घातलं की ते तेलाबरोबर सगळीकडे लागतं. वरून भुरभुरलेलं मीठ दोन दिवसांत डब्याच्या तळाशी जातं. पोहे, दाणे, खोबरं घालून मंद आचेवर पाचेक मिनिटं परतायचं. पिठीसाखर मात्र चिवडा कोमट झाल्यावरच, नाहीतर ती विरघळून गोळे धरते.

तेल बरोबर झालं की नाही हे मूठभर चिवडा उचलून कळतं. तळहाताला पुसटशी चकाकी आली तर ठीक. बोटं ओली झाली किंवा परातीच्या तळाशी तेल साचलं तर जास्त, आणि हळद पोह्यांना न धरता हाताला पिवळी पूड लागली तर कमी. जास्त तेल नुसतं तोंडाला जड लागत नाही, ते हवेला जास्त मोकळं राहून चिवडा लवकर खवट करतं. आधी खवट होतं ते खोबरं. त्यामुळे डबा पंधरा दिवसांपुढे ठेवायचा किंवा परदेशात पाठवायचा असेल तर खोबरं निम्मं करावं.

हे प्रमाण पातळ पोह्यांपुरतंच खरं. भाजके पोहे आधीच फुललेले आणि सच्छिद्र असतात, म्हणून तिथे दीडशे ग्रॅम तेल थोडं थोडं शिंपडून घालतात. एकदम ओतलं तर पहिले पोहेच सगळं पितात. जाड्या पोह्यांना पाव किलोत बांधायला गेलं तर ते फुलतच नाहीत. २०२३च्या दिवाळीत सरकारी ‘आनंदाचा शिधा’मध्ये अर्धा किलो पोहे आले, पामतेलाच्या पिशवीशेजारी. त्या अर्ध्या किलोला किती तेल लागेल हे पिशवीतल्या पोह्यांच्या जाडीवर ठरतं: पातळ असतील तर सव्वाशे ग्रॅम, जाड असतील तर कढई भरूनच घ्यावी लागते.