मधली फ्रेम

यूट्यूबच्या सुरुवातीच्या वर्षांत थंबनेल बनवायचं नसायचं, मिळायचं. व्हिडिओच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण वेळेवरच्या तीन फ्रेम समोर यायच्या, त्यातली एक निवडायची. लोकांनी हे गणित ओळखलं आणि बरोबर मध्यावर क्षणभर एखादा भलताच चेहरा चिकटवायला सुरुवात केली. क्लिक मिळायचे, व्हिडिओत मात्र तो चेहरा नसायचाच. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी व्ह्यूजऐवजी पाहिलेल्या वेळेला महत्त्व दिलं आणि फसवा क्लिक तोट्याचा ठरू लागला.

हे सगळं मला माहीत होतं. तरी राजगडाच्या व्हिडिओवर मी सहा शब्द लिहिले, उन्हातल्या हिरव्या डोंगरावर पिवळे, शेजारी माझा आ वासलेला चेहरा. लॅपटॉपवर झकास दिसलं. फोनवर अक्षरं डोंगरात विरली, शेवटचा शब्द उजव्या कोपऱ्यातल्या वेळेच्या आकड्याखाली गेला. चेहऱ्यामुळे क्लिक आले, पण लोक पहिल्याच मिनिटात निघून गेले. व्हिडिओत आ वासण्यासारखं काही नव्हतंच.

मग दोनच शब्द ठेवले, ‘पावसात राजगड’. पांढरे, काळ्या कडेचे, वर डावीकडे. चेहरा व्हिडिओतलाच, दमलेला. क्लिक घटले, पण आलेले थांबले.

मधली फ्रेम मीही चिकटवलीच होती, फक्त बाहेरून.