लेखापरीक्षण करारपत्र

लेखापरीक्षण करारपत्र हे लेखापरीक्षक संस्था आणि तिचा अशील यांच्यात लेखापरीक्षणाच्या अटी निश्चित करणारे लेखी पत्र होय. व्यवहारात त्यास 'एंगेजमेंट लेटर' म्हणतात. भारतात या पत्राविषयीच्या अपेक्षा इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया या संस्थेच्या 'एसए २१०' या मानकात दिल्या आहेत.

नेमणूक आणि करारपत्र

कंपनीच्या लेखापरीक्षकाची नेमणूक कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३९ नुसार सभासद वार्षिक सर्वसाधारण सभेत करतात. त्यापूर्वी लेखापरीक्षकाची लेखी संमती घ्यावी लागते. नेमणुकीनंतर मुदतीपूर्वी राजीनामा दिल्यास ३० दिवसांच्या आत कारणांसह निवेदन दाखल करावे लागते. त्यामुळे पत्रावर सह्या नेमणुकीनंतर होणार असल्या, तरी महत्त्वाच्या अटींची बोलणी संमती देण्यापूर्वीच पूर्ण होणे इष्ट असते.

पूर्वअटी

काम स्वीकारण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करावी लागते. वित्तीय विवरणे ज्या चौकटीनुसार तयार होणार आहेत ती स्वीकारार्ह असावी, ही पहिली. व्यवस्थापनाने आपल्या जबाबदाऱ्या मान्य कराव्यात, ही दुसरी. विवरणे तयार करणे, त्यांत अफरातफरीमुळे किंवा चुकीमुळे महत्त्वाचे दोष राहू नयेत यासाठी अंतर्गत नियंत्रण ठेवणे आणि लेखापरीक्षकास सर्व संबंधित माहिती व व्यक्ती विनाअडथळा उपलब्ध करून देणे, या त्या जबाबदाऱ्या होत. व्यवस्थापन त्या नाकारत असेल, तर कायद्याने बंधनकारक असल्याखेरीज काम स्वीकारता येत नाही.

काम पूर्वी दुसऱ्या सनदी लेखापालाकडे असल्यास, स्वीकारण्याआधी त्यास लेखी कळवणे चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ नुसार आवश्यक आहे. त्याच्या उत्तरातून शुल्काची थकबाकी किंवा मतभेद यांची माहिती मिळू शकते.

पत्रातील अटी

पत्रात लेखापरीक्षणाचे उद्दिष्ट व व्याप्ती, दोन्ही पक्षांच्या जबाबदाऱ्या, विवरणांची चौकट आणि अहवालाचे अपेक्षित स्वरूप नमूद केले जाते. परिस्थितीनुसार अहवाल अपेक्षेहून वेगळा असू शकतो, असेही त्यात लिहिलेले असते. लेखापरीक्षणाने मिळते ती वाजवी खात्री असते, हमी नव्हे. काही महत्त्वाचे दोष उघडकीस न येण्याचा धोका राहतोच. वर्षअखेरीस व्यवस्थापनाने द्यावयाचे लेखी निवेदन, कागदपत्रे देण्याच्या तारखा आणि शुल्क आकारण्याची पद्धत यांचाही उल्लेख केला जातो.

उदाहरण

कोल्हापुरातील एक ओतकाम कंपनी कल्पू. तिचा वार्षिक नफा ६० लाख रुपये असून वर्षअखेरीस दीड कोटी रुपयांचा माल बाहेरच्या जॉब वर्क करणाऱ्यांकडे असतो. संचालक नव्या लेखापरीक्षक संस्थेपुढे तीन अपेक्षा मांडतात: जॉब वर्क करणाऱ्यांना पत्रे पाठवू नयेत व तो माल पाहण्यासही जाऊ नये, संस्थेनेच हिशेब लिहून द्यावेत, आणि शुल्क नफ्याच्या १ टक्का असावे.

दुसरी अपेक्षा कलम १४४ नुसार मान्य करता येत नाही, कारण कंपनीच्या लेखापरीक्षकास तिचे हिशेब लिहिण्याची सेवा देण्यास मनाई आहे. नफ्याच्या टक्केवारीवर लेखापरीक्षणाचे शुल्क घेणे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. त्यामुळे हिशेबलेखन कंपनीने स्वतंत्रपणे करून घ्यावे आणि शुल्क ठराविक रकमेचे असावे, असे ठरवावे लागते.

पहिली अपेक्षा अधिक गंभीर आहे. बाहेरचा माल नफ्याच्या अडीचपट आहे. त्याचे अस्तित्व तपासता आले नाही, तर नफ्याचा आकडाही विश्वसनीय राहत नाही. अशा मर्यादेमुळे मत देणेच अशक्य होईल असे दिसत असल्यास 'एसए २१०' नुसार ते काम लेखापरीक्षण म्हणून स्वीकारता येत नाही. परिणाम तितका व्यापक नसल्यास मर्यादित मताचा प्रश्न उद्भवतो. म्हणून संमतीपूर्वीच ३१ मार्चच्या शिल्लक मालाबाबत जॉब वर्क करणाऱ्यांकडून थेट लेखी पुष्टी घेण्याची आणि गरज भासल्यास प्रत्यक्ष पाहणीची अट मान्य करून घेतली जाते. संचालक त्यास तयार नसतील, तर संस्था संमती देत नाही.

मर्यादा

कलम १४३ ने लेखापरीक्षकास दिलेला हिशेबाची पुस्तके पाहण्याचा अधिकार करारपत्राने कमी करता येत नाही. तसेच अफरातफर कळवण्याच्या वैधानिक कर्तव्यातून गोपनीयतेच्या अटीमुळे सुटका होत नाही. पुढील वर्षी दरवेळी नवे पत्र देणे अनिवार्य नसते. मात्र मालकी, व्यवस्थापन किंवा व्यवसायाचे स्वरूप बदलल्यास, अथवा अशिलाचा व्याप्तीबाबत गैरसमज असल्याचे दिसल्यास, अटी सुधारून घेतल्या जातात.