माती वाहण्याचा हिशेब

एका जागी जमीन खणायची आणि निघालेली माती दुसऱ्या जागी भरावात घालायची. कुठल्या खड्ड्यातली माती कुठल्या भरावात नेली, तर वाहतुकीचा एकूण खर्च सर्वांत कमी येईल? हा प्रश्न फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी १७८१ साली गणिताच्या भाषेत मांडला. लष्करी अभियंत्यांच्या शाळेत शिकवलेल्या माणसाला तो सुचावा हे स्वाभाविकच. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, २०१७च्या जानेवारीत, हाच हिशेब चित्रं बनवणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या कामी आला.

या नेटवर्कचा जन्म २०१४चा, माँट्रियलचा. इयन गुडफेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅन नावाची रचना मांडली. तिच्यात दोन नेटवर्क एकमेकांविरुद्ध शिकतात. जनरेटर नुसत्या यादृच्छिक आकड्यांपासून चित्र तयार करतो, आणि समोरचं चित्र खरं की बनावट हे डिस्क्रिमिनेटर ओळखतो. मूळ शोधनिबंधातच खोट्या नोटा छापणारे आणि पोलीस यांची उपमा आहे. दोघं एकमेकांना तयार करत जातील आणि शेवटी खऱ्याखोट्यातला फरकच उरणार नाही, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात ही झुंज वारंवार बिघडे. हाताने लिहिलेले ० ते ९ अंक शिकवायला घ्यावेत आणि जनरेटरने पानभर फक्त १ काढत बसावं, हे त्यातलं नेहमीचं दुखणं. त्याला मोड कोलॅप्स म्हणतात. डिस्क्रिमिनेटर एका वेळी एकच चित्र पाहतो, त्यामुळे झकास १ काढणाऱ्याला तो पूर्ण गुण देतो. सगळे अंक एकाच साच्यातले आहेत, ही तक्रार त्याला करताच येत नाही. मग तो १वर संशय घेऊ लागला की जनरेटर उठून ७वर जातो, तिथून ३वर. २०१६च्या एका प्रयोगात वर्तुळावर आठ ठिकाणी बिंदूंचे पुंजके ठेवले होते. साधा गॅन एका पुंजक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिला, आठही त्याने एकत्र कधी व्यापले नाहीत. या काळातले इलाज म्हणजे घरगुती औषधंच होती. त्यातला एक उपाय डिस्क्रिमिनेटरला चित्रांचा अख्खा गठ्ठा एकदम दाखवण्याचा होता, आणि तो चांगलाही होता. पण रोग नेमका कुठे आहे, हे त्यातून कळत नव्हतं.

ते निदान मार्टिन आरजोव्स्की आणि लिऑन बोटू यांनी केलं. डिस्क्रिमिनेटर पुरेसा तरबेज झाला की मूळ गॅन ज्या मापाने खऱ्या आणि बनावट चित्रांतलं अंतर मोजतो, त्याचं नाव येन्सेन-शॅनन. त्यांनी दिलेलं उदाहरण कागदावर काढून पाहण्यासारखं आहे. दोन समांतर उभ्या रेघा घ्या, एक खऱ्या नमुन्यांची, दुसरी जनरेटरची. त्यांच्यात ५ एकक अंतर असेल तर हे माप log 2, म्हणजे सुमारे ०.६९ येतं. जनरेटरची रेघ सरकवत ०.१ एककावर आणली, तरी ०.६९च. रेघा एकमेकींवर बसल्या की मात्र माप एकदम शून्य होतं. म्हणजे जनरेटर योग्य दिशेने चालला असला तरी त्याला शाबासकी नाही, आणि उलट चालला तरी बोलणी नाहीत. खऱ्या चित्रांचीही स्थिती अशीच असते. लाखो पिक्सेलांच्या अवकाशात ती इतक्या पातळ पडद्यावर पसरलेली असतात की बनावट चित्रांचा पडदा त्यांना जवळपास कुठेच शिवत नाही. आरजोव्स्की-बोटू यांनी एक जनरेटर थिजवून ठेवला आणि नुसता डिस्क्रिमिनेटर शिकवत नेला. ४००० फेऱ्यांत जनरेटरकडे पोहोचणारा ग्रेडियंट कमीत कमी लाखपटीने खाली आला. डिस्क्रिमिनेटर जितका हुशार, तितका जनरेटर आंधळा. म्हणून लोक त्याला मुद्दाम अर्धकच्चा ठेवत, आणि अर्धकच्च्या परीक्षकाला एकाच अंकाने फसवणं सोपं असतं.

मोंज यांच्या हिशेबात मात्र ५ एककांवरच्या रेघेला माप ५ येतं आणि ०.१वरच्या रेघेला ०.१. एक रेघ दुसरीवर न्यायला माती किती अंतर वाहावी लागेल, एवढंच त्यात मोजलं जातं. जनरेटरने सगळी माती १च्या ढिगात घातली असेल, तर दहातले नऊ भाग उरलेल्या अंकांकडे वाहून न्यावे लागतील, आणि ते बिल त्याच्याच नावावर फाडलं जाईल.

अडचण एकच होती. कुठला कण कुठे जाईल, याचे पर्याय मोजण्यापलीकडचे असतात. इथे लेनिनग्राडचे लिओनिद कांतोरोविच येतात. १९४२ साली त्यांनी हाच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला. तो मोंज यांचा आहे हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. मला या सबंध कुळात सर्वांत देखणी वाटते ती त्यांची युक्ती. वाहतुकीचे मार्ग ठरवूच नका, म्हणाले. प्रत्येक जागेला मातीचा एक भाव लावा. अट एवढीच की कुठल्याही दोन जागांच्या भावातला फरक त्यांच्यामधल्या अंतराहून जास्त नसावा. ही अट पाळून खणण्याची आणि भरावाची जागा यांच्या भावांत जास्तीत जास्त जेवढा एकूण फरक पाडता येईल, तेवढाच वाहतुकीचा कमीत कमी खर्च असतो. मार्गांचं जंगल मागे पडलं आणि एक भावफलक उरला.

या मापाला पुढे लिओनिद वासरस्टाइन यांचं नाव चिकटलं. त्यांनी १९६९मध्ये ते वापरलं होतं.

आरजोव्स्की, बोटू आणि सौमिथ चिंतला यांनी २०१७मध्ये हा भावफलक एका नेटवर्कलाच बनवायला सांगितला. डिस्क्रिमिनेटरच्या जागी क्रिटिक आला. तो खरं-खोटं सांगत नाही, प्रत्येक चित्राला एक भाव देतो. खऱ्यांचा सरासरी भाव वजा बनावटांचा सरासरी भाव, हे झालं अंतर. आता क्रिटिकला जितकं शिकवावं तितकं बरं. जनरेटरच्या एका पावलामागे त्याला पाच पावलं देत. शिवाय लॉसचा आलेख उतरला की चित्रंही सुधारलेली दिसू लागली, जे आधीच्या गॅनमध्ये भरवशाचं नव्हतं.

भावाच्या उतारावरची अट पाळायला त्यांनी केलेला उपाय मात्र ओबडधोबड होता. प्रत्येक पावलानंतर क्रिटिकची सगळी वजनं एका चिमुकल्या चौकटीत कोंबायची:

```
for p in critic.parameters():
    p.data.clamp_(-0.01, 0.01)
```

ही पद्धत वाईट आहे, हे त्यांनी निबंधातच स्पष्ट लिहिलं. चौकट मोठी ठेवली तर क्रिटिक तयार व्हायला फार वेळ लागतो, लहान ठेवली तर ग्रेडियंट विझतात. दोनच महिन्यांत इशान गुलराजानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बरीचशी वजनं चौकटीच्या दोन टोकांना जाऊन चिकटतात आणि क्रिटिक अगदी बाळबोध भाव लावतो. त्यांनी चौकट काढून टाकली. एक खरं आणि एक बनावट चित्र घ्यायचं, दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी एक बिंदू निवडायचा, आणि तिथला भावाचा उतार १पासून ढळला की लॉसमध्ये दंड मिळवायचा. दंडाचा गुणक त्यांनी १० धरला. हे करताना क्रिटिकमधलं बॅच नॉर्मलायझेशन काढावं लागतं, कारण दंड एकेका चित्रावर बसतो आणि बॅच नॉर्मलायझेशन गठ्ठ्यातली चित्रं एकमेकांत गुंतवतं.

यानेही रोग समूळ गेला नाही. २०१८मध्ये लार्स मेशेडर आणि सहकाऱ्यांनी अगदी छोट्या उदाहरणावर दाखवलं की क्रिटिकला ठरावीकच पावलं दिली, तर वासरस्टाइन गॅनही उत्तराभोवती घुटमळत राहू शकतो. त्यांनी सुचवलेला दंड फक्त खऱ्या चित्रांपाशी उतार सपाट करतो. त्याच वर्षीच्या बिगगॅनने डिस्क्रिमिनेटरच्या प्रत्येक थराला वेगळ्या रीतीने वेसण घातली, तरी तो शेवटी कोसळायचाच, आणि त्याच्या कर्त्यांनी कोसळण्याच्या जरा आधीची जतन केलेली प्रतच वापरली. माणसांचे हुबेहूब चेहरे काढणाऱ्या स्टाइलगॅनने माणसांच्या चेहऱ्यांच्या नव्या संग्रहावर शिकताना वासरस्टाइनचा लॉस सोडून २०१४चाच जुना लॉस पुन्हा घेतला, पण त्याला मेशेडर यांचा उताराचा दंड जोडूनच.